शंका कुणाला कळवायची?

१९९९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पॅसाडेना शहरात काम करणाऱ्या काही तंत्रज्ञांना आकड्यांत काहीतरी खटकलं. मंगळाच्या वाटेवर असलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाचा मार्ग आखणं हे त्यांचं काम होतं. यान बांधलं होतं डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिन कंपनीनं आणि त्याचा रोजचा कारभारही तिथूनच चाले. मार्ग मात्र नासाच्या पॅसाडेना इथल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ठरे. दोन शहरांमधलं अंतर मुंबई-दिल्लीहून थोडं जास्तच. यानाची छोटी इंजिनं अधूनमधून चालवावी लागत आणि त्यामुळे यानाला किती धक्का बसला हे सांगणारी फाइल डेन्व्हरहून येई. फाइल म्हणत होती, धक्के अगदी किरकोळ आहेत. यानाचा रेडिओवरून घेतलेला माग मात्र तिच्याशी जुळत नव्हता. याबद्दल दोन शहरांत ई-मेलची देवाणघेवाण झाली. पुढचे पाच महिने यान चालत राहिलं. २३ सप्टेंबरला ते मंगळामागे गेलं आणि त्याचा संदेश पुन्हा कधीच आला नाही.

ही घटना जगभर ओळखली जाते ती मोजमापाच्या एककांतल्या घोळासाठी. डेन्व्हरची आज्ञावली धक्का पौंडांच्या हिशेबात लिहीत होती आणि पॅसाडेनाची आज्ञावली तोच आकडा न्यूटनच्या हिशेबात वाचत होती. एक पौंड बल म्हणजे जवळजवळ ४.४५ न्यूटन, त्यामुळे प्रत्येक धक्का प्रत्यक्षापेक्षा साडेचार पटींनी लहान धरला गेला. चौकशी मंडळानंही मूळ कारण म्हणून हेच नोंदवलं. पण त्याच अहवालात साहाय्यक कारणांची जी यादी आहे, ती मला जास्त मोलाची वाटते. चूक यान उडण्याआधीच झाली होती, हे खरं. पण ती पकडण्यासाठी हातात महिनेच्या महिने होते आणि ती अर्धीमुर्धी पकडलीही गेली होती. ज्यांना शंका आली आणि ज्यांच्याकडे तिचं उत्तर होतं, ती माणसं दोन वेगळ्या शहरांत होती. त्यांच्यामधला रस्ता नीट चालत नव्हता.

अनेक गावांत विखुरलेल्या गटासाठी असा रस्ता आधीच आखून ठेवायचा असतो. कुठली माहिती कुणाला, किती वेळानं, कुठल्या मार्गानं पोचेल हे ठरवणारा कागद म्हणजे संपर्क आराखडा. ऑफिसात त्याला सरळ कम्युनिकेशन प्लॅनच म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो कामाच्या पहिल्या आठवड्यात तयार होतो, सगळ्यांना मेलनं जातो आणि पुन्हा उघडला जात नाही. मंगळयानाची कथा थोडी खोलात जाऊन पाहिली, तर त्या कागदावर काय असायला हवं ते ध्यानात येतं.

यानाला सौरपत्र्याचा पंख एकाच बाजूला होता. उन्हाचाही अगदी सूक्ष्म दाब असतो. एकाच बाजूला पंख असल्यामुळे तो दाब यानाला हळूहळू फिरवू पाहतो. यानाच्या पोटात फिरणारी चाकं हा पीळ स्वतःवर घेतात, पण त्यालाही मर्यादा असते. चाकांचा वेग फार वाढला की छोटी इंजिनं क्षणभर चालवून तो उतरवावा लागतो. प्रत्येक वेळी यान मार्गावरून केसभर ढळतं. पॅसाडेनाच्या मंडळींनी याआधी ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ हे यान सांभाळलं होतं. त्याचे पंख दोन्ही बाजूंना सारखे होते, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा नव्हता. नवं यानही तसंच असणार असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात इंजिनं त्यांच्या अपेक्षेच्या दहा ते चौदा पट जास्त वेळा चालवावी लागली.

आता यात माहिती कुठे अडली ते बघू. पंख एकाच बाजूला आहे आणि त्यामुळे चाकांचा वेग वारंवार उतरवावा लागेल, हे यान बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. मार्ग आखणाऱ्यांना ते वेळेवर कुणी सांगितलं नाही. ते सांगणं कुणाचं काम होतं? डेन्व्हरला ती रोजची, अंगवळणी पडलेली गोष्ट वाटत होती, मुद्दाम कळवण्यासारखी बातमी वाटत नव्हती. माझ्या मते आराखडा लागतो तो सगळ्यात आधी इथे. एखादी माहिती महत्त्वाची आहे की नाही हे पाठवणाऱ्याला बहुधा ठरवता येत नाही, कारण तिच्या आधारानं निर्णय घेणारा माणूस दुसरा असतो. म्हणून आराखडा पाठवणाऱ्याच्या बाजूनं लिहिला की फसतो. तो घेणाऱ्याच्या बाजूनं लिहावा लागतो. तुला कुठला निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी काय कळायला हवं आणि ते कधीपर्यंत कळलं नाही तर कळून उपयोग नाही, असं प्रत्येकाला विचारत जायचं आणि मग ती माहिती कुणाकडे आहे ते शोधायचं.

दुसरी अडचण मार्गाची. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने ती धक्क्यांची फाइल वापरताच येत नव्हती, कारण तिच्या मांडणीतच चुका होत्या. तोवर इंजिनं कधी चालणार एवढं डेन्व्हरहून ई-मेलनं कळे आणि पॅसाडेनाची मंडळी त्यावरून परिणामाचा हिशेब स्वतः करत. एप्रिलमध्ये फाइल दुरुस्त झाली आणि आठवड्याभरातच आकडे जुळत नसल्याचं दिसलं. नासाच्या कामात अशा वेळी भरायचा एक नमुना असतो. घटना, अनपेक्षित गोष्ट किंवा विसंगती दिसली की ती त्यावर नोंदवायची. नोंद झाली की तिला क्रमांक मिळतो, ती कुणाच्या तरी नावावर लागते आणि उत्तर मिळेपर्यंत उघडी राहते. मंडळाच्या अहवालानुसार या विसंगतीसाठी ती पद्धत वापरली गेली नाही. गट ई-मेलवर विसंबला. ई-मेलला उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर आठवण करून देणारं कुणी नसतं. तो इनबॉक्समध्ये खाली खाली जातो आणि पाठवणाऱ्याला वाटत राहतं की आपण कळवलं आहे.

योग्य मार्ग कागदावर होता आणि तरीही माणसांनी सोपा मार्ग धरला, याचा दोष फक्त माणसांना देऊन चालत नाही. विसंगतीची नोंद करायची म्हणजे एक प्रकारे जाहीर तक्रार करणं आणि हातात नुसती शंका असताना तक्रार करायला कुणीही कचरतो. पुरावा मिळू दे, मग नोंदवू, असं म्हणत दिवस जातात. त्यातून ही मंडळी एकाच वेळी तीन मोहिमांचं काम बघत होती. म्हणजे पुराव्याशिवायची शंका कळवायला आराखड्यात वेगळा मार्ग हवा आणि तो ई-मेल लिहिण्याइतकाच सोपा हवा.

तिसरी अडचण शेवटच्या आठवड्यातली. यान मंगळाजवळून २२६ किलोमीटर उंचीवरून जाईल अशी योजना होती. १५ सप्टेंबरच्या मार्गदुरुस्तीनंतरच्या आठवड्यात हिशेब १५० ते १७० किलोमीटर दाखवू लागले. कक्षेत शिरण्याच्या सुमारे तासभर आधी आकडा ११० वर आला. ८० किलोमीटरच्या खाली यान तगणार नाही हे माहीत होतं. नंतरच्या हिशेबानुसार प्रत्यक्ष उंची ५७ किलोमीटर होती. गरज पडलीच तर करायची अशी पाचवी मार्गदुरुस्ती आराखड्यात होती आणि तिच्याबद्दल बोलणंही झालं. पण ती करण्याची तयारी झालेलीच नव्हती आणि ती किती निकडीची आहे हे दोन्हीकडच्या मंडळींना पुरतं उमगलं नव्हतं. उतरता आकडा अमुक मर्यादेखाली गेला की तो कुणाला, किती तासांत कळलाच पाहिजे आणि त्या माणसानं मग काय करायचं, हे आधी ठरलेलं नसलं तर ऐन घाईत ते ठरत नाही.

अंतराचा दोष इथे किती होता? वाटतो त्यापेक्षा कमी, असं म्हणायला जागा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी प्रयोगशाळांमधल्या अभियंत्यांचं एकमेकांशी कामाचं बोलणं किती होतं ते मोजलं आणि १९७७ मध्ये पुस्तकरूपानं मांडलं. दोन माणसांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं घटतं आणि सुमारे ५० मीटरनंतर ते इतकं विरळ होतं की पुढे अंतर आणखी वाढलं तरी फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. म्हणजे वरचा मजला आणि वेगळं शहर यांत याबाबतीत फार अंतर नाही. शहर वेगळं असलं की एवढंच होतं की चहाच्या वेळी कानावर पडणारी उरलीसुरली माहितीही बंद होते. आराखडा त्या कानावर पडण्याची जागा घेतो.

त्याच नासात याचं एक सुंदर उदाहरण आहे. १९६० च्या दशकात हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्राचे प्रमुख वेर्नहर फॉन ब्राउन होते. त्यांचे एक सहकारी कुर्ट डेबुस फ्लोरिडात केप कॅनाव्हरलला उड्डाणतळाचं काम पाहत होते. अंतरामुळे भेटी कमी, म्हणून फॉन ब्राउन यांनी त्यांना आठवड्याला फक्त एक पान लिहून पाठवायला सांगितलं. त्यात आठवड्यात काय झालं आणि काय अडलं एवढंच. ते इतकं उपयोगी पडलं की इतर विभागप्रमुखांकडूनही अशी पानं येऊ लागली. सोमवारी ती फॉन ब्राउन यांच्या टेबलावर असत, म्हणून त्यांचं नाव पडलं मंडे नोट्स. फॉन ब्राउन समासात स्वतःच्या हातानं शेरे लिहीत, प्रश्न विचारत, एकाला दुसऱ्याशी बोलायला सांगत. मग शेऱ्यांसकट सगळ्या पानांचा संच सगळ्या विभागप्रमुखांना परत जाई.

या रचनेतली खरी ताकद त्या परतीच्या संचात आहे. वर पाठवलेली माहिती बहुतेक ठिकाणी वरच राहते. इथे ती साहेबांच्या प्रश्नासकट आडव्या दिशेनं पसरत होती. एका विभागाची अडचण दुसऱ्याला वाचायला मिळे आणि आपलं पान वाचलं जातं याची खूणही समासात दिसे. ठराविक छापील नमुना नव्हता, पानाची मर्यादा मात्र कडक होती. आज ढीगभर साप्ताहिक अहवाल लिहिले जातात आणि कुणाच्याही उत्तराविना फोल्डरमध्ये जाऊन बसतात. त्यांच्याशेजारी ही पद्धत ठेवून पाहावी. उत्तर न येणारा अहवाल माणूस तीन आठवडे मनापासून लिहितो, नंतर मागच्या आठवड्याचा उचलून तारीख बदलतो.

हे सगळं आपल्याकडच्या एखाद्या साध्या गटात कसं उतरेल? समजा, पतसंस्थांसाठी कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर करणारा चौदा जणांचा गट आहे. सात जण पुण्यात आज्ञावली लिहितात, चौघं नागपुरात ती तपासतात आणि तिघं कोल्हापूर परिसरातल्या संस्थांमध्ये जाऊन ती बसवतात, कर्मचाऱ्यांना शिकवतात. चौदा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ९१. या सगळ्या जोड्यांनी एकमेकांना सगळं सांगत बसायचं तर काम कधी करायचं? म्हणून अशा गटात पहिला उपाय निघतो तो सगळ्यांच्या रोजच्या सभेचा. पंधरा मिनिटं म्हटलं तरी चौदा जणांचे मिळून रोज साडेतीन तास गेले आणि पाच दिवसांत साडेसतरा तास, म्हणजे एका माणसाचे दोन दिवसांहून जास्त. दुसरा उपाय व्हॉट्सअॅप ग्रुपचा. तो फुकट आहे, पण त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, संस्थेच्या गेटवरचा फोटो आणि व्याजाच्या आकड्याबद्दलची शंका एकाच रांगेत येतात.

त्या शंकेपासूनच सुरुवात करू. २०२४ हे लीप वर्ष होतं. कोल्हापुरातली प्रशिक्षक एका संस्थेत बसलेली असताना तिथले व्यवस्थापक म्हणतात, “मॅडम, हे व्याज जरा कमी धरतंय बघा.” एक लाखाचं कर्ज, दर साल १२ टक्के, तीस दिवसांचं व्याज. त्यांच्या वहीत ९८६ रुपये ३० पैसे येतात, पडद्यावर ९८३ रुपये ६१ पैसे दिसतात. फरक दोन रुपये एकोणसत्तर पैशांचा. वही वर्षाचे दिवस ३६५ धरते, सॉफ्टवेअर त्या वर्षाचे खरे दिवस मोजून ३६६ धरतं. संस्थेच्या ठरावात ३६५ लिहिले आहेत. पुण्यात ज्यानं हे लिहिलं त्याला सॉफ्टवेअर खरे दिवस मोजतं हे माहीत आहे आणि ते त्याला बरोबरच वाटतं. नागपूरच्या तपासणीत सगळ्या तारखा साध्या वर्षांतल्या होत्या, त्यामुळे तिथे फरक दिसायचा प्रश्नच आला नाही. प्रशिक्षकेला यातलं काही ठाऊक नाही. तिला फक्त दोन आकडे वेगळे दिसताहेत आणि पावणेतीन रुपयांसाठी पुण्याच्या सरांना फोन करायला तिला संकोच वाटतो. तशी चार हजार खाती असली, तर एका महिन्यात दहा हजारांच्या वर फरक पडतो आणि तो ३१ मार्चच्या ताळेबंदात वर येतो.

अशा वेळी आराखड्यातली शंकेची ओळ असं सांगते. शंका कुणीही नोंदवावी, पुरावा लागत नाही. ती कामांच्या सामाईक नोंदवहीत जाते. नोंदवही म्हणजे साधं टिकेट असो की शेअर केलेली एक्सेल शीट. काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कुठल्या संस्थेत, कुठल्या तारखेला, एवढ्या चार गोष्टी आणि पडद्याचा फोटो. दर आठवड्याला पुण्यातला एक जण या ओळींचा धनी असतो आणि ही पाळी फिरती असते. त्यानं ऑफिसच्या चार तासांच्या आत उत्तर द्यायचं, म्हणजे शंकेचं उत्तर नव्हे, तर कोण बघतंय आणि कधीपर्यंत सांगेल एवढं. चार तासांत काही आलं नाही, तर नोंदवणाऱ्यानं गटप्रमुखाला सरळ फोन करायचा आणि त्यात कुणी भोचकपणा मानायचा नाही. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे. शंका मिटली असं म्हणण्याचा हक्क ज्यानं ती काढली त्यालाच. पुण्याच्या माणसानं ‘बरोबर आहे’ म्हणून नोंद बंद करायची नाही. प्रशिक्षकेला ३६५ आणि ३६६ चा उलगडा व्हायला हवा, संस्थेच्या व्यवस्थापकांना तो पटायला हवा, मगच ती ओळ बंद होते. ही एक अट असली की ‘आम्ही कळवलं होतं’ आणि ‘आम्हाला कळलं नाही’ ही दोन वाक्यं एकाच घटनेबद्दल निघणं कठीण होतं.

बाकीच्या ओळी यापेक्षा सोप्या असतात आणि थोड्याच असाव्यात. नागपूरला नवी आवृत्ती तपासायला द्यायची तर तिच्यात काय बदललं, हे आवृत्ती देण्याच्या आदल्या दिवशी लिहून मिळायला हवं, कारण त्यावरून ते तपासणीच्या तारखा आणि खाती निवडतात. ही ओळ पाळली असती आणि दिवस कसे मोजले जातात हे तिच्यात आलं असतं, तर नागपूरनं २९ फेब्रुवारी नक्की घातला असता. कोल्हापूरच्या तिघांना बदलांची यादी लागत नाही. त्यांना उद्या संस्थेत गेल्यावर पडद्यावर काय वेगळं दिसेल तेवढं हवं असतं. तीच माहिती वेगळ्या शब्दांत, आदल्या संध्याकाळपर्यंत, फोनवर उघडेल अशा एका पानात. मालकांना पंधरा दिवसांतून एकदा तीन गोष्टी पुरतात. किती संस्था सुरू झाल्या, कुठे अडलं आणि त्यांच्याकडून कुठला निर्णय हवा आहे. त्यांना सगळ्या मेलची प्रत पाठवणारे गट मी अनेक पाहिले आहेत. त्यानं मालकांना माहिती मिळत नाही, पाठवणाऱ्याला निर्धास्त वाटतं एवढंच.

किती वेळानं, हा प्रश्न लोक सवयीनं सोडवतात. सभा म्हटली की आठवड्याला आणि अहवाल म्हटला की महिन्याला. त्याऐवजी पाहायचं ते एवढंच की गोष्ट बिघडली तर सुधारायला किती वेळ हातात असतो. माहितीची दोन वेळांमधली खीळ त्यापेक्षा कमी हवी. शुक्रवारी आवृत्ती द्यायची असेल आणि एखादी चूक काढायला दोन दिवस लागत असतील, तर नागपूरचा निकाल गुरुवारी एकदम कळून भागत नाही, तो सोमवारपासून रोज संध्याकाळी लागतो. उलट पुढच्या तिमाहीत कुठल्या तालुक्यात जायचं, हे रोज बोलण्यात अर्थ नाही. पतसंस्थांच्या कामात तर वर्षाचं वेळापत्रकच दोन प्रकारचं असतं. मार्चचा दुसरा पंधरवडा उजाडला की चार तासांत उत्तर हे फार उशिराचं ठरतं. म्हणून त्या दिवसांसाठी वेगळा आराखडा आधीच लिहून ठेवावा. शंकेला एका तासात उत्तर, नवी आवृत्ती बंद, संध्याकाळी सातला तिन्ही गावांचा दहा मिनिटांचा कॉल. १५ मार्चला तो सुरू होतो, १० एप्रिलला संपतो. संपण्याची तारीख लिहिली नाही, तर तो कॉल जूनपर्यंत चालू राहतो.

मार्ग निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. उत्तर लगेच हवं आहे का आणि हे पुढे कधी शोधावं लागेल का. संस्थेतला काउंटर बंद पडला असेल तर फोन, कारण उत्तर लगेच हवं. पण फोनवर ठरलेलं कुणाला शोधता येत नाही, म्हणून फोन ठेवल्यावर दोन ओळी नोंदवहीत गेल्याच पाहिजेत, तेही ज्यानं फोन केला त्याच्याकडून, त्याच दिवशी. संस्थेशी झालेला करार किंवा तिच्या ठरावातला बदल ई-मेलवर, कारण दोन वर्षांनी लेखापरीक्षक विचारणार. चॅटवर आजच्या दिवसापुरतं बोलावं. ज्यावर उद्या कुणी अवलंबून राहणार आहे असं काही चॅटवर ठरलं, तर ते ठरलेलं नाही असं समजायची शिस्त गटाला लावावी लागते. ती लागायला महिना-दोन महिने जातात आणि गटप्रमुखानं स्वतः पाळली तरच लागते.

प्रत्येक ओळीवर माणसाचं नाव लिहावं की पदाचं? पद लिहावं आणि रजेच्या दिवशी बदली कोण तेही लिहावं. तीन गावांतल्या सुट्ट्या, संस्थांच्या सभा, स्थानिक जत्रा यांचं गणित कधी जुळत नाही. पुण्यातला शंकांचा धनी गावी गेलेला असताना कोल्हापुरात दुपारी दोनला आकडा चुकतो, हे दर महिन्याला घडणारच.

आराखडा चालतो आहे की नुसता भिंतीवर आहे, हे ओळखायला अहवाल लागत नाही. एखादा निर्णय झाल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यात लांबच्या गावातल्या सगळ्यात नव्या माणसाला फोन करून विचारावं, काल काय ठरलं? त्याला सांगता आलं नाही, तर ओळ तुटली आहे आणि कुठे तुटली ते मागे जात दोन फोनांत कळतं. एकच प्रश्न दोन गावांतून वेगवेगळा विचारला जाऊ लागला, तर ती माहिती शोधता येईल अशा जागी नाही. सभेत माणसं आधी लिहून पाठवलेलंच वाचून दाखवत असतील, तर दोहोंपैकी एक बंद करावं. आणि दोन गावांतले दोघं ‘मला तू वेगळा फोन कर’ असं वारंवार म्हणू लागले, तर ती सर्वांत गंभीर खूण समजावी. खरी माहिती आराखड्याबाहेरून वाहू लागली आहे आणि बहुधा कारण असं की आत बोललेलं कुणाच्या तरी अंगाशी आलं होतं.

आराखड्याच्या हातात नसलेलंही बरंच काही आहे. मंगळयानाच्या अहवालात एक निरीक्षण आहे, ते मला फार बोलकं वाटतं. मार्ग आखणाऱ्यांनी आपली काळजी पुरेशा परिणामकारक रीतीनं पोचवली नाही आणि यान चालवणाऱ्यांना ती काळजी कळलीही नाही. पहिला भाग आराखड्यानं सुधारतो. दुसरा नाही. पडद्यावरचे पावणेतीन रुपये म्हणजे काय हे समजायला पुण्याच्या माणसानं पतसंस्थेच्या काउंटरमागे दोन दिवस बसलेलं असावं लागतं. कर्जदार वही पुढे करून भांडतो तेव्हा व्यवस्थापकाचा चेहरा कसा होतो, हे नोंदवहीत येत नाही. पॅसाडेनाचे मार्गनिर्धारक यानाच्या रचनेच्या सुरुवातीच्या आढावा बैठकांना नव्हते, हेही मंडळानं नोंदवलं आहे. तिथे ते असते, तर एका बाजूचा पंख त्यांनी चित्रात पाहिला असता. म्हणून प्रवासखर्चाची ओळ मी आराखड्याच्याच कागदावर लिहीन. दर तिमाहीला पुण्याचा एक जण कोल्हापूरला, नागपूरचा एक जण पुण्याला, कोल्हापूरचा एक जण नागपूरला. आज्ञावली लिहिणाऱ्यानं तिथे शिकवायला जाऊ नये, फक्त बसून बघावं.

हा कागद वाढत जातो, हीही त्याची एक खोड आहे. प्रत्येक घोळानंतर कुणीतरी नवी ओळ सुचवतं आणि कुणी नाही म्हणत नाही, कारण जास्त माहितीला विरोध कसा करायचा? वर्षभरात आठच्या तीस ओळी होतात आणि मग शंकेची ओळ त्या तिसांत हरवते. यावर मला माहीत असलेला एकच इलाज आहे. नवी ओळ घालायची तर जुनी एक काढायची आणि कुठली काढायची हे ती माहिती घेणाऱ्यांना विचारायचं. ज्या अहवालाशिवाय दोन आठवडे काढून कुणी विचारलं नाही, तो निघाला. ३१ मार्चची धावपळ आटपली की एप्रिलच्या मध्यावर हे करायला बरं पडतं. त्या वेळी कुठली माहिती उशिरा आली आणि कुठली आलीच नाही, हे तिन्ही गावांतल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं.